वॉरंटीतला फोन पाच वेळा दुरुस्तीला गेला, तरी दोष तोच: ग्राहक आयोगाकडे तक्रार कशी लिहायची

माझी वहिनी सांगली जिल्ह्यात शिक्षिका आहे. तिने 9 नोव्हेंबर 2024 रोजी सांगलीतल्या एका दुकानातून 21,999 रुपयांचा फोन घेतला. चार महिने फोन नीट चालला. मग बोलता बोलता नेटवर्क जायला लागलं, पडद्यावर सिम नसल्याची सूचना यायची आणि फोन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. मार्च ते ऑगस्ट 2025 या काळात ती पाच वेळा अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेली. पाचव्यांदा फोन परत आला आणि चार दिवसांनी तेच सुरू झालं. तेव्हा आम्ही दोघांनी बसून जिल्हा आयोगाकडची तक्रार लिहिली. दुकान, कंपनी, सेंटर यांची नावं इथे देत नाही. तक्रार कशी बांधली ते मात्र सगळं सांगतो.

ज्याला आपण अजून ग्राहक मंच म्हणतो, त्याचं नाव ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग असं आहे. वस्तूसाठी दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडेच जाते, आणि 5 लाखांपर्यंत शुल्क शून्य आहे. वकील सक्तीचा नाही. आणखी एक सोय म्हणजे तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचं कार्यालय बेंगळुरूत असो वा गुरुग्रामला, तारखेला तिकडे जावं लागत नाही.

आधी जॉबशीट वाचा

अशा प्रकरणात निकाल बहुतेक वेळा जॉबशीटवर ठरतो. फोन जमा करताना मिळतो तो कागद, आणि परत घेताना ज्यावर सही करता तो दुसरा. आपण दोन्ही न वाचता खिशात टाकतो.

वहिनीच्या पहिल्या जॉबशीटवर ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात फक्त 'हँग' असं लिहिलेलं होतं. तिने सांगितलं होतं की नेटवर्क जातं आणि फोन आपोआप रीस्टार्ट होतो. काउंटरवरच्या मुलाने त्याच्या यादीतला जवळचा शब्द निवडला. दुसऱ्या जॉबशीटवर 'सिम नॉट डिटेक्टेड', तिसऱ्यावर 'ऑटो रीस्टार्ट'. पुढे हेच तीन शब्द कंपनीच्या कामी येतात. कंपनीचा वकील म्हणतो की तीन वेळा तीन वेगळे किरकोळ दोष आले, प्रत्येक दोष वॉरंटीप्रमाणे मोफत दुरुस्त करून दिला, मग आमची चूक कुठे? आपल्याला नेमकं उलटं दाखवायचं असतं, की दोष पहिल्या दिवसापासून एकच आहे आणि तो एकदाही गेलेला नाही.

म्हणून तुमचा फोन अजून दुरुस्तीच्या फेऱ्यांत असेल तर पुढच्या वेळी दोषाचं वर्णन घरीच एका वाक्यात लिहून न्या आणि दर वेळी तेच वाक्य जॉबशीटवर टाकायला लावा. नकार मिळाला तर काउंटरवर उभे असतानाच ते वाक्य जॉबशीट क्रमांकासह कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा. त्या ईमेलची तारीख आणि वेळ जॉबशीटशी जुळते, आणि ते पुरेसं असतं. वहिनीने तिसऱ्या फेरीपासून असं केलं. पहिल्या दोन फेऱ्यांची उणीव तक्रारीत कशी भरून काढली ते पुढे येईल.

फोन परत घेताना तीन गोष्टी पाहा. कोणता सुटा भाग बदलला ते लिहिलंय का? परत दिल्याची तारीख खरी आहे का? आणि 'समाधानकारक दुरुस्ती झाली' असं काही छापलेलं असेल तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने 'तपासणीच्या अधीन राहून स्वीकारला' असं लिहा. फोनवर ओल किंवा आपटल्याची खूण असल्याचा शेरा जमा करतानाच कोणी टाकत असेल आणि तो खोटा असेल, तर तिथेच लेखी हरकत घ्या. असा शेरा वॉरंटी नाकारण्यासाठीच वापरला जातो. नंतर तो पुसायला फार कष्ट पडतात.

मदरबोर्ड बदलला की आयएमईआय तपासा

ही बाब मला आधी ठाऊक नव्हती आणि तिच्यापायी प्रकरण अडू शकलं असतं. बिलावर फोनचा आयएमईआय क्रमांक असतो. मदरबोर्ड बदलल्यावर हा क्रमांक बदलू शकतो. वहिनीच्या बाबतीत तिसऱ्या फेरीत तो बदलला. म्हणजे बिलावर एक क्रमांक आणि हातातल्या फोनमध्ये दुसरा. आयोगासमोर कोणी सहज म्हणेल की बिलातला फोन हा नव्हेच.

फोनवर `*#06#` डायल करा, येणारा क्रमांक बिलाशी ताडून पाहा. जुळत नसेल तर ज्या जॉबशीटवर मदरबोर्ड बदलल्याची नोंद आहे त्यावर जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक सेंटरकडून लिहून घ्या. ते देत नसतील तर ईमेलने मागा आणि तो ईमेल जपा. तक्रारीत या बदलासाठी एक स्वतंत्र परिच्छेद ठेवा.

'दोष आढळला नाही' या शेऱ्याला उत्तर

चौथ्या फेरीत फोन दोन दिवस ठेवून 'नो फॉल्ट फाउंड' असं लिहून परत दिला. अधूनमधून येणारा दोष टेबलावर दहा मिनिटांत दिसत नाही, हे सेंटरलाही माहीत असतं. यावर उपाय म्हणजे दुसऱ्या फोनने सलग, न कापलेला व्हिडिओ घेणं. सुरुवातीला `*#06#` करून आयएमईआय दाखवा, मग तारीख-वेळ दाखवा, मग कॉल लावून ठेवा आणि दोष येईपर्यंत थांबा. वहिनीचा एक व्हिडिओ 26 मिनिटांचा आहे आणि त्यात दोष दोनदा येतो. व्हिडिओ पेन ड्राइव्हवर देताना इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली ते लागतं आणि त्याचा नमुना त्याच अधिनियमाच्या अनुसूचीत आहे. ईमेल आणि व्हॉट्सअॅप संदेशांच्या छापील प्रतींनाही तेच लागतं.

या सगळ्या काळात फोन बाहेरच्या कारागिराकडे उघडू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका, विकू नका. फोन हप्त्यांवर घेतला असेल तर हप्ते थांबवू नका. कर्ज देणारी कंपनी या वादात नाही. हप्ता चुकला तर ती तुमच्याकडून दंड घेईल आणि पतइतिहास तुमचाच बिघडेल.

कोणाविरुद्ध

तिघांनाही पक्षकार करा: विक्रेता, उत्पादक कंपनी, अधिकृत सर्व्हिस सेंटर. विक्रेत्याने पैसे घेतले, कंपनीने वॉरंटी दिली, सेंटरने दुरुस्ती केली. एकालाच बोलावलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि तो दुसरा आयोगासमोर नसतोच. ऑनलाइन खरेदीत बिलावर ज्याचं नाव आणि जीएसटी क्रमांक छापलेला असतो तो विक्रेता. अॅपचं नाव आणि विक्रेत्याचं नाव बहुधा वेगळं असतं. अॅप चालवणाऱ्या कंपनीलाही जोडता येतं. उत्पादक म्हणून परदेशी मूळ कंपनी लिहू नका. वॉरंटी कार्डावर किंवा खोक्यावर उत्पादक अथवा आयातदार म्हणून जी भारतीय कंपनी छापलेली असते तिचं पूर्ण नाव आणि पत्ता लिहा. पत्ता चुकला की नोटीस परत येते आणि पुढची तारीख पडते.

तक्रारदार कोण, हेही पाहून घ्या. बिल वडिलांच्या नावावर आणि फोन मुलगी वापरते, अशा वेळी अडचण नाही, कारण खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहक ठरतो. बिलावर धंद्याचा जीएसटी क्रमांक टाकलेला असेल तर मात्र व्यापारी कारणासाठी खरेदी केल्याचा आक्षेप हमखास येतो. धंदा स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेला असेल तर कायद्यात सूट आहे, पण ते तक्रारीतच स्पष्ट लिहावं लागतं.

नोटीस आणि मुदत

वकिलाची नोटीस कायद्याने सक्तीची नाही. तरी एक साधं पत्र तिघांनाही स्पीड पोस्टने आणि ईमेलने पाठवा आणि 15 दिवस द्या. पोच झाल्याचा ट्रॅकिंगचा अहवाल लगेच छापून ठेवा, कारण तो संकेतस्थळावर कायम राहत नाही. वहिनीने 1 सप्टेंबर 2025 रोजी नोटीस पाठवली. दुकान आणि सेंटर गप्प राहिले. कंपनीने आणखी एकदा फोन जमा करा एवढंच कळवलं. हे उत्तर आपल्याच कामाचं ठरलं, कारण पाच फेऱ्यांनंतरही कंपनीकडे दुरुस्तीपलीकडे काहीच देण्यासारखं नाही हे त्यातून दिसलं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते, आणि कधी कधी तिथेच काम होतं. वहिनीचं झालं नाही. पण हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, आणि तिथे तक्रार केल्याने मुदतीचं घड्याळ थांबत नाही. आयोगाकडे जाण्याची मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे. ती शेवटच्या फसलेल्या दुरुस्तीपासून मोजता येते असं म्हणायला जागा असली तरी पहिल्या जॉबशीटच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत दाखल करा, म्हणजे वादाला वाव राहत नाही.

काय मागायचं

हे लिहिण्याआधी समोरचा काय म्हणेल ते समजून घेतलं पाहिजे. कंपनीचं नेहमीचं उत्तर असं की वॉरंटीत आम्ही फक्त दुरुस्तीचं आणि सुटा भाग बदलण्याचं वचन दिलंय, पूर्ण वस्तू बदलण्याचं नाही. त्यासाठी ते हमखास सर्वोच्च न्यायालयाचा 2006 चा मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा हा निकाल दाखवतात. त्यात न्यायालयाने वॉरंटीच्या अटीकडे बोट दाखवून पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला होता आणि ग्राहकाला भरपाई दिली होती.

म्हणून नुसतं 'फोन सदोष आहे, बदलून द्या' असं लिहून भागत नाही. दोन पायांवर उभं राहावं लागतं. पहिला पाय सदोष वस्तूचा: तोच दोष मदरबोर्ड बदलूनही परत येतो, म्हणजे तो दुरुस्त होण्याजोगा नाही. दुसरा पाय सेवेतील त्रुटीचा: दुरुस्तीचं वचन दिलं आणि पाच संधी मिळूनही ते पाळलं नाही. पहिला पाय तांत्रिक पुराव्याअभावी डळमळला तरी दुसरा जॉबशीटवर उभा राहतो. कायद्याच्या कलम 39 खाली आयोग दोष दूर करायला सांगू शकतो, वस्तू बदलून द्यायला सांगू शकतो, किंमत व्याजासह परत करायला लावू शकतो, भरपाई आणि खर्च देऊ शकतो. मागणी एकच लिहू नका, मुख्य आणि पर्यायी अशा दोन लिहा.

रकमेबद्दल माझं ठाम मत आहे की 22 हजारांच्या फोनसाठी पाच लाखांची भरपाई मागू नये. शुल्क वस्तूच्या किमतीवर ठरत असल्याने मोठा आकडा लिहायला पैसे पडत नाहीत, म्हणून लोक लिहितात. पण मग समोरचा वकील आपल्याला लोभी ठरवण्यातच सुनावणी घालवतो. वहिनीने मानसिक आणि शारीरिक त्रासासाठी 10,000 मागितले. खर्चापोटी 5,000 मागितले आणि त्यात पाच फेऱ्यांची बसची तिकिटं, स्पीड पोस्ट आणि नोटरी यांचा हिशेब जोडला. हिशेब जोडलेला छोटा आकडा न जोडलेल्या मोठ्या आकड्यापेक्षा जास्त टिकतो.

तक्रारीचा मसुदा

तक्रार मराठीत लिहा. जॉबशीटवरचे इंग्रजी शब्द मात्र भाषांतर न करता जसेच्या तसे अवतरण चिन्हांत द्या. परिच्छेदांना क्रमांक द्या, कारण समोरच्याला प्रत्येक परिच्छेदाचं उत्तर द्यावं लागतं. एका परिच्छेदात एकच गोष्ट लिहा. राग कितीही असला तरी 'फसवे', 'लुटारू' असे शब्द नकोत. वहिनीच्या तक्रारीतला मुख्य भाग पुढे देतो. त्यात 'नि.' म्हणजे निशाणी, कागदाचा क्रमांक:

> मा. जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, सांगली यांचे समोर
>
> ग्राहक तक्रार क्र. ____ / 2025
>
> तक्रारदार: (पूर्ण नाव, वय, व्यवसाय, पत्ता, मोबाइल, ईमेल)
>
> विरुद्ध
>
> सामनेवाला क्र. 1: (विक्रेता दुकान, पत्ता)
> सामनेवाला क्र. 2: (उत्पादक कंपनी, नोंदणीकृत पत्ता)
> सामनेवाला क्र. 3: (अधिकृत सर्व्हिस सेंटर, पत्ता)
>
> ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चे कलम 35 अन्वये तक्रार
>
> 1. तक्रारदार ही वर नमूद पत्त्यावर राहते व शिक्षिका म्हणून नोकरी करते. तिने सामनेवाला क्र. 1 यांचेकडून दि. 9/11/2024 रोजी स्वतःच्या वापरासाठी सामनेवाला क्र. 2 यांनी उत्पादित केलेला मोबाइल रु. 21,999/- देऊन खरेदी केला. बिल नि. 1 वर आहे. त्यास दि. 8/11/2025 पर्यंत वॉरंटी आहे. वॉरंटी कार्ड नि. 2 वर आहे.
>
> 2. सदर मोबाइलमध्ये मार्च 2025 पासून पुढील दोष आहे: कॉल चालू असताना नेटवर्क जाते, 'नो सिम' अशी सूचना येते व मोबाइल आपोआप बंद होऊन सुरू होतो. पाचही वेळा मोबाइल याच दोषासाठी जमा केला.
>
> 3. दुरुस्तीचा तपशील खालीलप्रमाणे आहे.
>
> | फेरी | जमा | परत | दिवस | जॉबशीटवरील नोंद व केलेले काम |
> |---|---|---|---|---|
> | 1 (नि. 3) | 3/3/2025 | त्याच दिवशी | 0 | 'हँग', सॉफ्टवेअर अद्ययावत केले |
> | 2 (नि. 4) | 28/3/2025 | 5/4/2025 | 8 | 'सिम नॉट डिटेक्टेड', सब-बोर्ड बदलला |
> | 3 (नि. 5) | 13/5/2025 | 30/5/2025 | 17 | 'ऑटो रीस्टार्ट', मदरबोर्ड बदलला |
> | 4 (नि. 6) | 2/7/2025 | 4/7/2025 | 2 | 'नो फॉल्ट फाउंड' |
> | 5 (नि. 7) | 21/7/2025 | 20/8/2025 | 30 | मदरबोर्ड दुसऱ्यांदा बदलला |
>
> 4. जॉबशीटवरील शब्द सामनेवाला क्र. 3 यांचे कर्मचाऱ्यांनी लिहिलेले आहेत. 'हँग', 'सिम नॉट डिटेक्टेड' व 'ऑटो रीस्टार्ट' ही परिच्छेद 2 मधील एकाच दोषाची वेगवेगळी लक्षणे आहेत. तक्रारदाराने दि. 13/5/2025, 2/7/2025 व 21/7/2025 रोजी सामनेवाला क्र. 2 यांना पाठविलेले ईमेल नि. 8 वर असून त्यांत दोषाचे वर्णन एकच आहे.
>
> 5. मदरबोर्ड बदलल्यामुळे मोबाइलचा आयएमईआय क्रमांक बदललेला आहे. बिलावरील क्रमांक ____ व सध्याचा क्रमांक ____ असा आहे. नि. 5 व नि. 7 वर त्याची नोंद आहे.
>
> 6. चौथ्या वेळी दोष नसल्याचे सांगून मोबाइल परत दिला. परंतु पाचव्या वेळी त्याच मोबाइलचा मदरबोर्ड पुन्हा बदलला. यावरून चौथ्या वेळचा शेरा चुकीचा होता हे सामनेवाला यांचेच कृतीवरून दिसते.
>
> 7. दि. 24/8/2025 रोजी तोच दोष पुन्हा उद्भवला. त्याचे चित्रीकरण नि. 9 वर आहे. तक्रारदार एकूण 57 दिवस मोबाइलविना राहिली.
>
> 8. दि. 1/9/2025 रोजी नोटीस दिली (नि. 10). सामनेवाला क्र. 1 व 3 यांनी उत्तर दिले नाही. सामनेवाला क्र. 2 यांनी पुन्हा दुरुस्तीस देण्यास सांगितले (नि. 11).
>
> 9. सबब सामनेवाला यांनी सदोष वस्तू विकली असून वॉरंटीप्रमाणे दोष दूर करण्यात सेवेतील त्रुटी केली आहे.

यानंतर तीन छोटे परिच्छेद येतात. वादाचं कारण 3/3/2025 रोजी प्रथम घडलं आणि 24/8/2025 पर्यंत घडत राहिलं, म्हणून तक्रार मुदतीत आहे. तक्रारदार सांगली जिल्ह्यात राहते आणि किंमत 50 लाखांच्या आत आहे, म्हणून आयोगाला अधिकार आहे. याच कारणासाठी दुसऱ्या कोणत्याही न्यायालयात प्रकरण प्रलंबित नाही. मग शेवटी विनंती:

> अ. सामनेवाला क्र. 1 ते 3 यांनी संयुक्तपणे व स्वतंत्रपणे रु. 21,999/- तक्रार दाखल तारखेपासून द.सा.द.शे. 9 टक्के व्याजासह तक्रारदारास परत करावेत. तक्रारदार मोबाइल परत देण्यास तयार आहे.
>
> ब. पर्यायाने, त्याच किंवा समतुल्य मॉडेलचा नवीन, सीलबंद मोबाइल नवीन एक वर्षाच्या वॉरंटीसह द्यावा.
>
> क. मानसिक व शारीरिक त्रासापोटी रु. 10,000/- व तक्रार खर्चापोटी रु. 5,000/- द्यावेत.
>
> ड. आदेशाची पूर्तता प्रत मिळाल्यापासून 45 दिवसांत करावी.
>
> इ. न्यायाच्या दृष्टीने योग्य ते इतर आदेश व्हावेत.

सहाव्या परिच्छेदावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. आपला दावा समोरच्याच्या कागदातून सिद्ध होतो अशी एक तरी जागा जवळजवळ प्रत्येक प्रकरणात असते. ती शोधा आणि दोन वाक्यांत मांडा. 'ब'मधले 'नवीन, सीलबंद' हे शब्दही सोडू नका, नाहीतर दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला फोन हातात पडू शकतो.

तक्रारीखाली सत्यापन, म्हणजे मजकूर खरा असल्याचा उल्लेख आणि सही, आणि सोबत नोटरीसमोर केलेलं शपथपत्र. या दोन्हींवर तारीख एकच असू द्या.

दाखल करणं

ऑनलाइन दाखल करायचं ठिकाण आहे `e-jagriti.gov.in`. 1 जानेवारी 2025 पासून ते सुरू झालं. मोबाइल आणि ईमेलवर येणाऱ्या ओटीपीने खातं उघडा, जिल्हा आयोग निवडा, पक्षकारांची माहिती भरा आणि पीडीएफ चढवा. आधी कागदांची यादी, मग तक्रार, मग शपथपत्र, मग निशाणीप्रमाणे कागद. जॉबशीट उष्णतेने छापणाऱ्या यंत्रावरच्या असतील तर त्यांची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून आजच स्कॅन करा. प्रत्येक पानावर पृष्ठक्रमांक घाला. अनेक ठिकाणी छापील संचही मागतात. आयोगासाठी किती आणि प्रत्येक सामनेवाल्यासाठी किती, हे आयोगाच्या कार्यालयात विचारून घ्या. त्रुटी निघाल्याचं कळवलं तर दिलेल्या मुदतीत पूर्तता करा. वहिनीची पहिली त्रुटी सेंटरच्या पत्त्यात पिनकोड नसल्याची होती.

पुढच्या तारखा

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे साधारणपणे 21 दिवसांत ठरतं. मग सामनेवाल्यांना नोटीस जाते. त्यांना लेखी म्हणणं देण्यासाठी 30 दिवस मिळतात आणि आयोग फार तर आणखी 15 दिवस वाढवू शकतो. ही 45 दिवसांची मर्यादा ओलांडता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 साली स्पष्ट केलं. म्हणून नोटीस कोणत्या तारखेला पोचली ते टिपून ठेवा, आणि 45 दिवस उलटूनही म्हणणं आलं नाही तर त्याशिवाय प्रकरण पुढे चालवण्याचा अर्ज द्या. अर्ज दिल्याशिवाय पुढची तारीख पडत राहते.

म्हणणं आलं तर त्यात एक वाक्य जवळपास नक्की असतं: उत्पादनातला दोष तज्ज्ञाच्या अहवालाने सिद्ध केलेला नाही. कायद्याप्रमाणे तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि तिचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो. आपलं उत्तर असं ठेवायचं: सामनेवाल्याच्याच तंत्रज्ञांनी दोनदा मदरबोर्ड बदलला, यापेक्षा वेगळा तज्ज्ञ कशाला हवा? तरीही आयोगाला गरज वाटल्यास तपासणीला आमची हरकत नाही, असं पुढे जोडा. हरकत घेतली तर आपण लपवतोय असं वाटतं. यानंतर पुराव्याचं शपथपत्र आणि लेखी युक्तिवाद द्यायचा. दोन्हींत नवी गोष्ट आणायची नाही, तक्रारीतले परिच्छेद आणि निशाण्या यांचीच सांगड घालायची. लांब राहणाऱ्यांना अर्ज करून व्हिडिओ कॉन्फरन्सने हजर राहता येतं.

कायदा म्हणतो की तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात तारखा त्यापुढे जातात, हे धरूनच चाला. आदेश तुमच्या बाजूने झाला आणि 45 दिवसांत अपील झालं नाही, तरी पैसे आले नाहीत, तर त्याच आयोगाकडे अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. कलम 72 खाली आदेश न पाळणाऱ्याला किमान एक महिना ते तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान 25,000 ते एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कंपनीने अपील केलं तर आदेशातल्या रकमेच्या निम्मी रक्कम तिला आधी भरावी लागते.

वहिनीचं प्रकरण तिथपर्यंत गेलं नाही. आयोगाची नोटीस पोचल्यावर कंपनीकडून फोन आला: तक्रार मागे घ्या, मग आम्ही पूर्ण रक्कम देतो. असा फोन बऱ्याच जणांना येतो आणि इथेच लोक चुकतात. तक्रार मागे घेतली आणि पैसे आले नाहीत तर हातात काहीच उरत नाही. तिने सांगितलं की तडजोडीची पुरसिस, म्हणजे तडजोडीचं लेखी निवेदन, आयोगासमोर दाखल करू, तिच्यात रक्कम आणि तारीख लिहू आणि रक्कम खात्यात जमा झाल्यावरच प्रकरण निकाली काढण्याची विनंती करू. आठवडाभर कंपनीने टाळाटाळ केली, मग मान्य केलं. पुरसिसमध्ये 21,999 रुपये आणि खर्चाचे 4,000 असं लिहिलं गेलं. त्रासाच्या भरपाईचे पैसे तिने सोडले. मला ते पटलं नव्हतं, पण तारखांसाठी रजा घेणं तिला परवडत नव्हतं आणि निर्णय तिचा होता.

रक्कम जमा झाल्यावर तिने फोन परत दिला. त्याआधी सगळा डेटा काढून घेतला, सिम आणि मेमरी कार्ड काढलं, खाती लॉगआउट करून फोन फॅक्टरी रीसेट केला, `*#06#` चा पडदा टिपून ठेवला आणि दोन्ही आयएमईआय क्रमांक लिहिलेल्या पोचपावतीवर फोन घ्यायला आलेल्या माणसाची सही घेतली.